पस्तीस पुराव्यांतला शिक्षक

ऑस्ट्रेलियात एखाद्या शाळाशिक्षिकेला आपलं काम वरच्या दर्जाचं आहे हे अधिकृतपणे सिद्ध करायचं असेल, तर तिला परीक्षेला बसावं लागत नाही. नोकरीची वर्षं मोजून तो दर्जा मिळत नाही आणि प्रशिक्षणाला हजर राहिल्याची प्रमाणपत्रं जोडूनही मिळत नाही. तिला एक संचिका तयार करावी लागते. तिच्यात स्वतःच्या वर्गातले कागद असतात, त्यातल्या प्रत्येक कागदावर लिहिलेलं टिपण असतं आणि या सगळ्यातून आपण काय शिकलो याचं थोडक्यात केलेलं चिंतन असतं. ही संचिका शाळेबाहेरचे दोन प्रशिक्षित परीक्षक वाचतात. ती उतरली, तरच पुढे ते शाळेत येऊन शिक्षिकेचा पाठ पाहतात.

या व्यवस्थेमागे २०११ साली आलेली शिक्षकांची राष्ट्रीय व्यावसायिक मानकं आहेत. ‘ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट फॉर टीचिंग अँड स्कूल लीडरशिप’ या संस्थेने ती प्रसिद्ध केली. परदेशात नोकरी शोधणाऱ्या काही मराठी शिक्षकांना ही संस्था वेगळ्या कारणाने माहीत असते, कारण ऑस्ट्रेलियात शिक्षक म्हणून स्थलांतर करू पाहणाऱ्यांच्या पात्रतेची छाननी तीच करते. मानकं एकूण सात आहेत आणि त्यांची ३७ कलमं. प्रत्येक कलम चार पायऱ्यांवर लिहिलेलं आहे: नवपदवीधर, प्रवीण, उच्च कौशल्यप्राप्त आणि अग्रणी. पूर्ण नोंदणीसाठी दुसरी पायरी गाठावीच लागते. वरच्या दोन पायऱ्या ऐच्छिक आहेत, आणि संचिका लागते ती त्यांच्यासाठी.

कलमाची भाषा एका पायरीवरून दुसरीवर जाताना कशी बदलते हे पाहिलं, की संचिकेत काय हवं ते बरंचसं उलगडतं. मूल्यमापनाच्या मानकातलं ५.३ हे कलम घ्या. एकाच उत्तराला दोन शिक्षकांनी वेगवेगळे गुण देऊ नयेत, यासाठी शाळेत एकत्र बसून पेपर तपासण्याच्या बैठका होतात. प्रवीण शिक्षिकेने त्या बैठकांत भाग घ्यायचा असतो. उच्च कौशल्यप्राप्त शिक्षिकेने त्या भरवायच्या असतात. म्हणजे वरच्या पायरीवर ‘मी चांगलं शिकवते’ एवढं दाखवून भागत नाही. आपल्यामुळे शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाच्या कामात काय बदललं, हेही दाखवावं लागतं. पुष्कळ अर्ज अडतात ते इथे. स्वतःच्या वर्गाचे उत्तमोत्तम पुरावे असतात, पण सहकाऱ्याच्या हातचा एक कागद नसतो.

संचिकेला मर्यादा आहे. राष्ट्रीय मार्गदर्शिकेने पुराव्यांची कमाल संख्या ३५ ठरवली. तपशिलाचे नियम राज्यागणिक थोडे बदलतात. कलमं ३७ आणि पुरावे ३५, म्हणजे एका कागदाने एकाहून जास्त कलमं पेलायला हवीत. चांगला पुरावा तीन-चार कलमं सहज पेलतो. एकाच टाचणावर आठ-नऊ कलमांचे आकडे चढवले, तर परीक्षकाला लगेच शंका येते, कारण त्यातली निम्मी तरी ओढूनताणून लावलेली असतात. याखेरीज वर्गनिरीक्षणाचे अहवाल लागतात, आणि शिक्षिकेचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या तीन ते पाच व्यक्तींची नावं द्यावी लागतात. मुख्याध्यापक किंवा वरिष्ठ त्यांच्यात असावेच लागतात. परीक्षक त्यांच्याशी बोलून घेतात.

मग या संचिकेत नेमकं जातं तरी काय? अ‍ॅडलेडच्या एका शाळेतली पाचवीची एक काल्पनिक शिक्षिका घेऊ. वर्गात मुलं २६, विषय दशांश अपूर्णांक. ही शिक्षिका आणि तिच्या वर्गाचे आकडे उदाहरणापुरते बनवलेले आहेत, पण गणिताचा प्रश्न खराखुरा आहे.

०.४ मोठा की ०.३५? या वयातली बरीच मुलं ०.३५ म्हणतात. पस्तीस चारापेक्षा मोठे, म्हणून. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी १९९०च्या दशकात हजारो विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा माग घेतला, तेव्हा दोन ठळक गैरसमज पुढे आले. काही मुलांना जास्त अंकांची संख्या नेहमी मोठी वाटते, तर काहींना नेमकी कमी अंकांची. गंमत अशी, की पेपर नीट काढला नाही, तर दोन्ही गैरसमज गुणांच्या आड लपून राहतात. ४.८ आणि ४.६३ या जोडीत ‘लांब ती मोठी’ मानणारं मूल चुकतं, पण ०.३४ आणि ०.३ या जोडीत चुकीच्याच विचाराने बरोबर उत्तर देतं. ‘आखूड ती मोठी’ मानणाऱ्याचं उलट होतं. दोघांनाही निम्मे गुण पडतात आणि प्रगतिपुस्तकावर दोघं सारखी दिसतात.

आपल्या शिक्षिकेला हे संशोधन ठाऊक आहे, म्हणून तिने सुरुवातीलाच अशा निवडक जोड्यांची छोटी चाचणी घेतली आणि गुण न मोजता मुलांची वर्गवारी केली. ११ मुलं पहिल्या गैरसमजाची, ३ दुसऱ्या, ८ मुलांची समज पक्की आणि ४ मुलांच्या उत्तरांना काही धरबंधच नाही. पुढे चार आठवडे तिने गटवार शिकवलं. एक, दशांश आणि शतांश यांच्यासाठी प्रमाणात कापलेल्या नळ्यांचं लांबीवर आधारलेलं साहित्य तिने वापरलं; स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेलंच ते साहित्य. शेवटी पुन्हा चाचणी घेतली. दरम्यान दोन सहकाऱ्यांना बोलावून तिघींनी मुलांच्या उत्तरपत्रिका एकत्र तपासल्या.

चार आठवड्यांत तिच्याकडे चाळीसेक कागद साठले असतील. संचिकेसाठी ती चार निवडते: एकाच मुलाच्या आधीच्या आणि नंतरच्या उत्तरपत्रिका, तिच्या शेऱ्यांसह, वर्गवारीचा तक्ता, दुसऱ्या आठवड्यातल्या पाठाचं टाचण, ज्यावर दोन शायांत खाडाखोड आहे, आणि एकत्र तपासणीच्या बैठकीचं इतिवृत्त, ज्याच्या मागे एका सहकारी शिक्षिकेने नंतर स्वतःच्या वर्गासाठी बदललेलं टाचण जोडलेलं आहे.

काय ठेवलं नाही तेही पाहण्यासारखं आहे. हसऱ्या मुलांचे फोटो नाहीत. सजवलेला फळा नाही. दशांश अपूर्णांकांवरच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र नाही, कारण ते शिक्षिका तिथे हजर होती एवढंच सांगतं. परतल्यावर तिच्या वर्गात काय वेगळं झालं, याबद्दल ते गप्प असतं. आणि खाडाखोडीचं टाचण नीटनेटकं टाइप करून घेण्याचा मोह तिने टाळला आहे. परीक्षकाच्या दृष्टीने खरा ऐवज ती खाडाखोडच असते.

मुलांची नावं मात्र काळी करावी लागतात. मुलाचं काम किंवा चेहरा दिसणार असेल तर पालकांची संमती लागते, आणि पालकांची पत्रं जोडली तर त्यांचीही ओळख झाकावी लागते. संचिका लावायच्या आठवड्यात ही संमतिपत्रं गोळा करायला गेलेल्या शिक्षकाची फार धावपळ होते, कारण तोवर मूल शाळा बदलून गेलेलं असू शकतं.

आता टिपण. कागद कितीही बोलका असला, तरी परीक्षकाला त्या वर्गाची माहिती नसते. कुठला कागद, तो कशातून आला, शिक्षिकेने काय निर्णय घेतला आणि का, त्याने मुलांत किंवा सहकाऱ्यांत काय फरक पडला आणि हे सगळं कुठल्या कलमाला लागू होतं, एवढं टिपणाने थोडक्यात सांगायचं असतं. वर उल्लेख केलेल्या टाचणावर एक टिपण असं लिहिता येईल:

‘सोबत दशांश अपूर्णांकांच्या पाठाचं टाचण जोडलं आहे. या पाठात विविध शैक्षणिक साहित्याचा वापर करून सर्व स्तरांतील विद्यार्थ्यांच्या गरजा लक्षात घेण्यात आल्या. विद्यार्थ्यांचा उत्तम प्रतिसाद मिळाला.’

यात खोटं काही नाही. पण हे टिपण उचलून भूगोलाच्या पाठाला चिकटवलं तरी चालेल, आणि त्याचा कमकुवतपणा ओळखायला ही एक कसोटी पुरते. दुसऱ्या कागदावर जसंच्या तसं बसणारं टिपण पहिल्या कागदाबद्दल काहीच सांगत नसतं. शिवाय गरजा लक्षात ‘घेण्यात आल्या’, पण कोणी घेतल्या? सरकारी पत्रव्यवहारात मुरलेल्या माणसाला कर्ता गाळायची सवय असते. इथे ती अंगाशी येते, कारण परीक्षक शोधत असतो तो कर्त्यालाच. तिघींनी मिळून केलेल्या कामात या शिक्षिकेचा वाटा कोणता, हे टिपणात स्पष्ट ‘मी’ लिहूनच सांगावं लागतं.

त्याच टाचणावरचं दुसरं टिपण:

‘निळी शाई पाठाच्या आदल्या दिवसाची, लाल पाठानंतरची. चाचणीत ११ मुलं जास्त अंकांची संख्या मोठी मानत होती, म्हणून मी त्यांचा वेगळा गट करून नळ्यांनी ०.४ आणि ०.३५ शेजारी मांडायला लावले. ज्यांची समज पक्की होती त्या ८ जणांना दोन दशांश संख्यांच्या मध्ये बसणाऱ्या संख्या शोधायला दिल्या. पाठात दिसलं, की काही मुलं नळी मांडतात बरोबर, पण वहीत पुन्हा जुनंच उत्तर लिहितात. म्हणून तिसऱ्या पाठात मांडणीनंतर लगेच चित्र आणि मग अंक, असा क्रम मी बदलला (लाल शाई, पान २). वर्गवारीचा तक्ता पुरावा ७ मध्ये आहे. कलम १.५, ३.६.’

हे थोडं लांबलं आहे, पण परीक्षकाला आता काय पाहायचं ते कळलं. तो पान २ वर जाईल, लाल शाई शोधेल, पुरावा ७ उघडेल. १.५ हे कलम वेगवेगळ्या क्षमतेच्या मुलांना शिकवण्यात भेद करण्याचं आणि ३.६ अध्यापनाचं मूल्यमापन करून ते सुधारण्याचं. उच्च कौशल्यप्राप्त पायरीवर या दोन्हींत मुलांच्या मूल्यमापनातून आलेल्या माहितीचा आधार अपेक्षित असतो, आणि टिपणात तो ११ आणि ८ या आकड्यांनी आलेला आहे. ‘उत्तम प्रतिसाद’ हा शब्दप्रयोग कुठेच नाही.

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकांना हा फरक समजायला फार वेळ लागू नये. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिणं आलं. थोड्याच काळात तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘गणितातील संकल्पना चांगल्या प्रकारे समजून घेतो’ ही नोंद एका वर्गातल्या पंधरा मुलांपुढे उतरवता येते आणि पंधराही मुलांबद्दल ती काही सांगत नाही. पण ज्या शिक्षकाने ‘हातच्याची वजाबाकी चित्राच्या आधाराने करतो, नुसत्या अंकांत दशकातून एक घ्यायला विसरतो’ असं लिहिलं, तो नकळत पुराव्यावरचं टिपणच लिहीत होता. दोघांच्या वह्या तपासणीच्या वेळी सारख्याच भरलेल्या दिसतात, ही आपल्याकडची अडचण.

सगळ्यात अवघड लिखाण चिंतनाचं. संचिकेचा हा भाग अनेकदा आभारप्रदर्शनासारखा होतो: अनुभव समृद्ध करणारा होता, पुष्कळ शिकायला मिळालं. आपल्या शिक्षिकेकडे यापेक्षा चांगला ऐवज आहे, आणि तो तिच्या अपयशात आहे. शेवटच्या चाचणीत १९ मुलांची समज पक्की झाली. पहिल्या गैरसमजाची २ उरली, एकाचं काही ठरवता येईना, आणि दुसऱ्या गैरसमजाची मुलं मात्र ३ ची ४ झाली. तक्ता नीट पाहिल्यावर कळलं, की मूळच्या तिघांपैकी दोघं सुधारली होती आणि तीन नवी आली होती. ती तिन्ही आधी पहिल्या गटात होती.

म्हणजे तिच्या शिकवण्याने तीन मुलांना एका चुकीतून काढून दुसरीत टाकलं होतं. कारणही तिला सापडलं. दुसऱ्या आठवड्यात तिने भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की शतांश दशांशापेक्षा लहान असतो. वाक्य खरं आहे. पण मुलांनी त्यावरून ताडलं, की ज्या संख्येत शतांश आहे ती संख्याच लहान, मग ०.३४ हा ०.३ पेक्षा लहान. चिंतनात ती हे लिहिते, आणि पुढे काय केलं तेही लिहिते: पुढच्या सत्रात सहकारी शिक्षिकेच्या वर्गासाठी पाठ बदलताना दोघींनी ते वाक्य काढून टाकलं आणि ०.३ व ०.३० यांची लांबी सारखीच भरते हे मुलांना आधी मांडून पाहायला लावलं. त्या वर्गात असा नवा गट तयार झाला नाही. बैठकीच्या इतिवृत्तामागे जोडलेलं टाचण हेच. एका झटक्यात सहकाऱ्यावरच्या परिणामाचा पुरावाही मिळाला आणि ६.३ हे सहकाऱ्यांबरोबर काम सुधारण्याचं कलमही भरलं.

अपयश लिहायला शिक्षक बिचकतात. दर्जा मागण्याच्या अर्जात आपलीच चूक कोण दाखवेल? पण परीक्षकही शिक्षणक्षेत्रातले असतात आणि २६ पैकी २६ मुलं पक्की झाली असं सांगणारा तक्ता पाहून त्यांची भुवई उंचावते. अर्थात नुसती चूक कबूल करून उपयोग नाही. कारण सापडलं पाहिजे, आणि त्या कारणाशी जुळणारा बदल पुढच्या कागदात दिसला पाहिजे. तारखांना इथे फार महत्त्व येतं. बदललेल्या टाचणाची तारीख चाचणीच्या आधीची असेल, तर सगळी गोष्ट तिथेच कोसळते.

काही कलमांना मात्र कुठलाच कागद सहज सापडत नाही. १.४ हे कलम आदिवासी व टॉरेस सामुद्रधुनीतील द्वीपवासी समाजांच्या मुलांना शिकवण्याबद्दल आहे, आणि वरच्या पायरीवर त्या समाजाच्या प्रतिनिधींच्या मदतीने सहकाऱ्यांना मार्गदर्शन करणं अपेक्षित असतं. ज्या शाळेत अशी मुलं मोजकी आहेत किंवा नाहीतच, तिथली शिक्षिका अडचणीत येते. वर्षाच्या शेवटी स्थानिक ज्येष्ठांचं एक व्याख्यान भरवून त्याचा फोटो जोडणं, ही पळवाट परीक्षकांच्या चांगली ओळखीची आहे. ज्यांचं हे कलम भक्कम असतं त्यांनी बहुधा वर्षभर आधीपासून एखाद्या पाठ्यघटकाची मांडणी समाजातल्या लोकांबरोबर बसून बदललेली असते. संचिका मागे वळून रचता येते, पण काही पुरावे आधीच ठरवून निर्माण करावे लागतात. अग्रणी पायरीसाठी तर निदान सहा महिने चालवलेल्या एका उपक्रमाचं स्वतंत्र वर्णन लागतं. ते शेवटच्या महिन्यात उभं करता येत नाही.

संचिका मान्य झाली, की परीक्षक शाळेत येतात. पाठ पाहतात, मुख्याध्यापकांशी बोलतात आणि मग शिक्षिकेशी सविस्तर चर्चा करतात. दशांशाच्या त्या तीन मुलांबद्दल प्रश्न विचारला जाईल, तो इथे. टिपण दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं. मिळालेला दर्जा पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो.

एवढा खटाटोप फार थोडे करतात. ऑस्ट्रेलियात शाळाशिक्षकांची संख्या तीन लाखांच्या घरात आहे, आणि प्रमाणपत्रं देणं सुरू होऊन जवळपास दहा वर्षं झाली तरी या दोन दर्जांचे शिक्षक हजाराच्या आसपासच होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये शिक्षणमंत्र्यांनी शिक्षकटंचाईवरचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यात २०२५ पर्यंत ही संख्या दहा हजारांवर न्यायचं उद्दिष्ट ठेवलं. शिक्षकांची तक्रार वेळेची आहे आणि ती खोटी नाही. शाळा सुटल्यावर आणि सुट्ट्यांत बसून हे लिखाण करावं लागतं. काही राज्यांत या दर्जाला पगारवाढ जोडलेली आहे. जिथे ती नाही किंवा तुटपुंजी आहे, तिथे ३५ टिपणं लिहिण्याचा उत्साह लवकर ओसरतो.

भारतातही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं मागितली आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्यांचा मसुदा पुढे आणला. महाराष्ट्रात मात्र शिक्षकाची वेतनश्रेणी अजून मुख्यतः वर्षांच्या हिशेबाने वर सरकते: बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, आणि त्यासाठी एक प्रशिक्षण. वर्गातल्या पुराव्याला या मोजमापात जागा मिळायची असेल, तर पहिला प्रश्न येईल तो तपासणाऱ्यांचा. केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा शाळा असतात. एका संचिकेतले पस्तीस कागद टिपणांसह वाचायचे, संदर्भ जुळवून पाहायचे आणि मग शाळेत जाऊन त्याच विषयावर शिक्षकाशी तासभर बोलायचं, एवढा वेळ त्याच्या आजच्या कामकाजात कुठेच धरलेला नाही. ऑस्ट्रेलियात हे काम करणाऱ्यांना आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि एक संचिका दोघं तपासतात.